एक चाल थांबून
(हीरकमहोत्सवी पालक-मेळाव्यातील भाषण)



चौथीच्या वर्गातील एक मुलगा. बुद्धी तल्लख; परंतु प्रश्न पुरता वाचण्यापूर्वीच उत्तर लिहून मोकळा होणारा. ‘किती उरले?’ असे विचारले, तरी वरचे दोन आकडे पाहून बेरीज करणारा. घरी त्याला ‘जरा स्वस्थ बस’ हे दिवसातून दहा वेळा ऐकावे लागे. त्याच्या आजोबांनी मात्र सांगणे सोडले आणि रोज दिवेलागणीनंतर बुद्धिबळाचा पट मांडण्यास आरंभ केला.

पहिले काही दिवस पूर्ण डाव नव्हताच. दोन्ही बाजूंची आठ-आठ प्यादी तेवढी मांडायची. ज्याचे प्यादे आधी पलीकडच्या टोकाला पोहोचेल, तो जिंकला. असा डाव दहा मिनिटांत संपतो, आणि चंचल मुलाची बैठक सुरुवातीला तेवढीच असते. ती स्थिरावली तसे राजा, हत्ती, उंट, घोडे आणि शेवटी वजीर पटावर आले.

नियम मात्र पहिल्या दिवसापासून एकच होता. आपली पाळी असताना ज्या मोहऱ्याला हात लावला, तोच चालवायचा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही हाच नियम आहे; मोहरा केवळ घरात नीट ठेवायचा असेल, तर तसे आधी सांगावे लागते. आजोबांनी हा नियम स्वतःलाही लावला. एकदा चुकून हात लागल्याने त्यांनी मुकाट्याने आपला हत्ती गमावला. त्या दिवसापासून नातू विचार करताना दोन्ही हात मांडीखाली ठेवू लागला. मोठ्यांनी एकदा जरी ‘चाल परत घेतो’ म्हटले, तरी नियमाचा धाक उरत नाही.

खरी परीक्षा पुढे आली. आजोबांकडे पांढरी सोंगटी होती. दोघांनी राजासमोरील प्यादी दोन-दोन घरे पुढे टाकली. आजोबांनी राजाकडचा उंट तिरपा बाहेर काढला. नातवाने वजिराकडचा घोडा आणला. मग आजोबांचा वजीर तिरपा निघून पटाच्या कडेला येऊन उभा राहिला. नातवाला एवढेच दिसले की, दुसरा घोडा पुढे टाकला की वजीर माऱ्यात येतो. त्याने तत्काळ घोडा टाकला. आजोबांच्या वजिराने काळ्या राजाकडील उंटासमोरचे प्यादे मारले आणि मात झाली. पांढऱ्या उंटाचा वजिराला जोर असल्याने राजाला तो मारता येईना, आणि निसटायला घरही उरले नव्हते. अवघ्या चार चालींत डाव संपला.

मुलाचे डोळे भरून आले. आजोबांनी समजूत घातली नाही, त्यांनी तीच स्थिती पुन्हा मांडली आणि विचारले, “माझा वजीर इथे कशासाठी आला?” बऱ्याच वेळाने नातवाने त्या प्याद्यावर बोट ठेवले. मग उपाय त्यालाच सापडला. राजाकडील घोड्यासमोरचे प्यादे एक घर पुढे सरकवले की वजिराची वाट अडते आणि वजीरही माऱ्यात येतो. वजीर मागे हटला आणि उभ्या रेषेतून पुन्हा त्याच प्याद्यावर नेम धरून बसला. आता नातवाने घोडा टाकला. तोच घोडा, तेच घर. परंतु आता त्याने मारा अडवला. जी चाल घाईत घात करणारी ठरली, तीच एक चाल थांबल्यावर अचूक ठरली. धीर म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे त्या मुलाला पटावर डोळ्यांनी दिसले.

त्यानंतर प्रत्येक चालीपूर्वी ‘समोरच्याने असे का केले?’ हा प्रश्न मनाशी विचारायचा आणि चाल झाल्यावर ती वहीत टिपायची, असा क्रम ठरला. प्रगती जिंकण्या-हरण्यावरून मोजायची नाही. हात पटावर जाऊन मध्येच मागे येऊ लागला, हीच खूण.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी. इंग्लंडमधील सुमारे शंभर शाळांत झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बुद्धिबळ शिकलेल्या मुलांचे गणित वर्षभरानंतर इतरांपेक्षा सुधारलेले आढळले नाही. पटावरचा धीर आपोआप वहीत उतरत नाही. तो पूल कोणीतरी बांधावा लागतो. आजोबांनी तो बांधला. गणित सोडवताना नातवाने पेन्सिल उचलली की ते म्हणत, “हा प्रश्न इथे कशासाठी आला?” तसेच भ्रमणध्वनीवरील तीन-तीन मिनिटांचे डाव या कामी उपयोगाचे नाहीत, तेथे घाईलाच बक्षीस मिळते.

तो मुलगा आजही तासाला दोनदा जागेवरून उठतो. परंतु सहामाही परीक्षेत ‘किती उरले?’ या शब्दांखाली त्याने पेन्सिलीने बारीक रेघ ओढली होती, आणि त्याखाली वजाबाकी केली होती.