आजाची दोन नावं
(चिंचणी येथील बैठकीत केलेलं भाषण)



मी आज एकाच नावाची गोष्ट सांगतो. आमच्या दाव्यात आजाचं नाव लिहिलं होतं सुकऱ्या काळू. घरात पत्र्याच्या पेटीत दंडाची जुनी पावती सापडली, तिच्यावर होतं डोंगऱ्या काळू. वनहक्क समितीत प्रश्न आला, हा डोंगऱ्या कोण?

मी आजीला विचारलं. ती नवऱ्याचं नाव घेईना. "तेच ते, घरचे," एवढंच बोलली. आपल्या म्हाताऱ्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मी विसरलो होतो. मग आजाच्या बहिणीकडे गेलो. तिथंही चूक केली. "आजालाच डोंगऱ्या म्हणायचे ना?" असं विचारलं. ती "हो" म्हणाली. पण असं विचारलं तर म्हातारं माणूस आपलं मन राखायला हो म्हणतं. त्याला काय अर्थ?

दुसऱ्या दिवशी नुसतं विचारलं, "आत्या, तुझ्या भावाला कोण काय हाक मारायचं?" तेव्हा ती मोकळी झाली. शुक्रवारी जन्मला म्हणून सुकऱ्या. पुढं नागलीला डुकरं लागायची, म्हणून तो डोंगरावरच्या पलाटात माळा बांधून राखणीला झोपायचा. पाड्यावर कधी दिसायचाच नाही, म्हणून लोक डोंगऱ्या म्हणायला लागले. साल तिला सांगता येईना. पण तारापूरची अणुभट्टी सुरू झाली, म्हणजे १९६९, त्याच्या आधीपासून तो तिथं कसत होता, हे तिला पक्कं आठवत होतं.

बघा, टोपणनावाच्या गोष्टीतच पलाट कुठला आणि कधीपासूनचा, ते आलं.

मग शेजारच्या म्हाताऱ्याला वेगळं बसवून तेच विचारलं. आत्या काय बोलली ते त्याला सांगितलं नाही. त्यानंही माळ्याची गोष्ट सांगितली. पाड्यात दुसरा कोणी डोंगऱ्या होता का, हेही विचारलं. होता, पण त्याच्या बापाचं नाव वेगळं. म्हणून बापाचं नाव विचारल्याशिवाय उठू नका.

वनहक्काच्या २००८ च्या नियमांत १३ वा नियम आहे. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं लेखी घेतलेलं म्हणणं त्यात पुरावा धरलं आहे. जुन्या कागदातल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळही धरली आहे. पण एकाच पुराव्यावर भागत नाही. म्हणून आम्ही पावती, दोन जबाब आणि वंशावळ एकत्र जोडली. वंशावळीत लिहिलं, 'सुकऱ्या ऊर्फ डोंगऱ्या काळू'.

लिहिताना नाव सुधारू नका. सुकऱ्याचा शुक्राचार्य केलात, तर तिसराच माणूस तयार होईल. म्हातारं बोलेल तसंच लिहा, परत वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या. खाली तारीख आणि दोन साक्षीदार.

आत्या यंदा पावसाआधी गेली. तिचा जबाब वहीत आहे. तुमच्या घरची आत्या अजून ओटीवर बसली असेल, तर आज रात्री तिच्याजवळ बसा.

जिंदाबाद!