फिल्ममेकर मोड: कधी चालू, कधी बंद?

डोंबिवलीत मावशीकडे नवा टीव्ही आला. ‘तुंबाड’ लावला, तर सगळं मालिकेसारखं गुळगुळीत. सिनेमा असतो सेकंदाला 24 फ्रेमचा. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घुसडत होता. पिक्चर सेटिंगमध्ये फिल्ममेकर मोड लावला, घुसडणं बंद! जादा शार्पनेस आणि नॉइज रिडक्शनही बंद. पांढऱ्यातली निळसर झाकही गेली.

मावशी म्हणाली, “अगं, पिवळं पडलं!” म्हटलं, दहा मिनिटं थांब, डोळे सरावतात. सरावले.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी, खिडकी उघडी असताना, वाड्यातले अंधारे प्रसंग दिसेचनात. हा मोड मुळात अंधाऱ्या खोलीसाठी आहे ना! म्हणून रात्री दिवे घालवून सिनेमा किंवा वेब सिरीज बघताना चालू ठेवा. दुपारच्या मॅचला मात्र खुशाल स्टँडर्डवर या.