हजेरी खरंच उतरली का?

(नाचणगाव, तालुका देवळी, जिल्हा वर्धा येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या मांडणीचं शब्दांकन)



सकाळपासून आपण हजेरीच्या वह्या चाळतो आहोत. मघाशी एकीनं विचारलं, "ताई, मागच्या आठवड्यात बैठकीला ३७ बाया होत्या, या आठवड्यात २९. एकदम आठ बाया कमी झाल्या. वर काय सांगू?" मला आज एवढ्याच प्रश्नावर बोलायचं आहे. कारण या आठ बायांवरून आपण कार्यकर्तीला बोल लावतो, बैठकीचा वार बदलतो, कधी कधी एखाद्या वस्तीतलं काम बंद करायचंही ठरवतो. आणि पुष्कळदा त्या आठ बाया कुठेही गेलेल्या नसतात.

आधी आमचीच चूक सांगते. अनेक वर्षांपूर्वी आमच्या एका साप्ताहिक बैठकीला एका बुधवारी फार कमी बायका आल्या. आम्ही घाबरलो आणि बैठक शुक्रवारवर नेली. त्या शुक्रवारी संख्या वाढली. आम्ही खूश, म्हटलं उपाय लागू पडला. महिन्याभरानं पुन्हा एकदा संख्या पडली, तेव्हा वेळ बदलली. पुन्हा वाढली. असं तीनदा झालं आणि शेवटी बायकांनाच कळेना की बैठक नेमकी कधी असते. मग मात्र हजेरी खरोखर पडली. आता कळतं की एखादा आठवडा फारच खाली गेला, तर पुढचा आठवडा काही न करताही बहुतेक वरच येतो. आम्ही त्या आपोआप येणाऱ्या वाढीचं श्रेय स्वतःच्या उपायाला दिलं होतं.

मग चढउतार नेहमीचा कोणता आणि बदल खरा कोणता, हे ओळखायचं कसं? फळ्यावर बारा आठवड्यांचे आकडे लिहिते. हे कुठल्या एका गटाचे नाहीत, हिशेब समजावा म्हणून बेतलेले आहेत.

३४, ३८, ३१, ३६, ४०, ३३, ३७, २९, ३५, ३९, ३२, ३६

बेरीज ४२०. बाराने भागलं की सरासरी ३५. इथवर आपण सगळ्याच करतो. पण ३५ हा आकडा एकटा काही सांगत नाही. आणखी एक गोष्ट हवी: एका आठवड्याहून दुसऱ्या आठवड्यात एरवी किती फरक पडतो? ३४ वरून ३८, म्हणजे ४. ३८ वरून ३१, म्हणजे ७. वाढ की घट हे पाहायचं नाही, फक्त अंतर मोजायचं. असे अकरा फरक निघतात: ४, ७, ५, ४, ७, ४, ८, ६, ४, ७, ४. त्यांची बेरीज ६०, सरासरी जवळजवळ साडेपाच. म्हणजे काहीही विशेष घडलेलं नसताना या बैठकीत दर आठवड्याला पाच-सहा बायांचा फरक पडतच असतो. कुणाचं लेकरू तापलेलं असतं, कुणाकडे पाहुणे आलेले असतात, कुणाला त्या दिवशी मजुरी मिळालेली असते. ही शंभर लहान कारणं आहेत आणि त्यांच्यामागे धावून हाती काही लागत नाही.

आता या साडेपाचाची पावणेतीनपट करा. साधारण १५ येतात. सरासरी ३५ मधून १५ वजा केले की २०, मिळवले की ५०. ही आपली दोन कुंपणं. एखाद्या आठवड्याचा आकडा २० ते ५० च्या आत असेल, तर त्या एका आकड्यावरून काहीही ठरवायचं नाही. ३७ वरून २९ होणं कुंपणाच्या कितीतरी आत आहे. तेव्हा मघाच्या ताईनं वर सांगायचं की नेहमीचाच चढउतार आहे.

ही पद्धत मूळची कारखान्यातली आहे. १९२४ साली अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीत वॉल्टर शूहार्ट नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं असा तक्ता पहिल्यांदा मांडला. मालात पडणारा प्रत्येक लहान फरक दुरुस्त करायला गेलं, तर माल आणखी बिघडतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या बोलावण्यावरून १९४७-४८ मध्ये तो भारतातही येऊन गेला. पावणेतीनपट हा त्याच हिशेबाचा सोपा आकडा आहे, बारकाईनं करायचं तर २.६६ घेतात.

पण या कुंपणाची एक मर्यादा आहे. मोठा धक्का त्याला कळतो, हळूहळू होणारी झीज कळत नाही. आणि आपल्या कामात झीजच जास्त होते. आपल्याच उदाहरणात पुढचे आठ आठवडे असे गेले असं धरा:

३०, ३१, २८, ३०, २७, ३०, २९, २८

यातला एकही आकडा २० च्या खाली नाही. प्रत्येक आठवड्यापुरतं पाहिलं तर "चालायचंच" म्हणून आपण वही मिटू. इथे सरकती सरासरी उपयोगी पडते. दर आठवड्याला ताज्या चार आठवड्यांची बेरीज करून चाराने भागायचं. नवा आठवडा आला की सर्वांत जुना सोडून द्यायचा, म्हणून ती सरकती. तेराव्या आठवड्याला ही सरासरी ३४.२५ येते. पुढे ३२.२५, मग ३१.२५, सोळाव्याला २९.७५, सतराव्याला २९ आणि अठराव्याला २८.७५.

चार आठवडे एकत्र केले की कुणाचं लेकरू, कुणाचे पाहुणे ही लहान कारणं एकमेकींना बरीचशी खोडतात आणि चढउतार साधारण निम्मा होतो. म्हणून सरकत्या सरासरीसाठी कुंपण जवळ आणता येतं. मी नियम असा ठेवते: सरकती सरासरी नेहमीच्या ३५ पासून सरासरी फरकाहून, म्हणजे साडेपाचाहून, जास्त सरकली तर कान टवकारायचे. आपला उंबरठा झाला साडेएकोणतीस. सतराव्या आठवड्याला तो ओलांडला गेला. पण वर्षभर पाहत राहिलं की एखादी खोटी हाकही येते, म्हणून मी लागोपाठ दुसऱ्या आठवड्याची वाट पाहते. अठराव्यालाही सरासरी उंबरठ्याखालीच आहे. आता मात्र बदल खरा धरायचा.

ज्यांना भागाकाराचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी बोटांवरचा नियम: लागोपाठ आठ आठवडे आकडा सरासरीच्या खालीच राहिला तर बदल खरा. नाणं उडवून आठही वेळा काटाच पडावा, हे २५६ वेळांत एकदा घडतं. आपल्या उदाहरणात ही खूण विसाव्या आठवड्याला मिळते, म्हणजे दोन आठवडे उशिरा. पण तिला फक्त एक आडवी रेघ लागते.

आता या पद्धतीत कुठे फसगत होते ते सांगते. पहिली फसगत सणाची. समजा, पोळ्याच्या आठवड्यात सहाच बाया आल्या, आणि आजूबाजूचे आठवडे ३६, ३५ आणि ३४ असे नेहमीसारखेच आहेत. चौघांची सरासरी येते २७.७५. उंबरठा ओलांडला गेला! एवढंच नव्हे, तो सहाचा आकडा चार आठवडे सरासरीत बसून राहतो, आणि ज्या आठवड्यात बाहेर पडतो त्या आठवड्यात सरासरी उडी मारते. त्या आठवड्यात तर काहीच घडलेलं नसतं. म्हणून सरासरी काढण्याआधी सुटे आकडे पाहायचे. २० च्या खालचा आकडा असेल आणि त्याचं कारण ठाऊक असेल, तर वहीत शेजारी "पोळा" लिहायचं आणि तो आठवडा सरासरीतून वगळायचा. मात्र कारण माहीत नसताना नकोसा आकडा वगळायचा नाही. ती लबाडी होते.

दुसरी फसगत अशी की दर महिन्याला आपण ३५ ची नवी सरासरी काढत बसतो. हजेरी उतरत असेल तर तिच्याबरोबर सरासरी आणि कुंपणही खाली उतरतं आणि झीज कधी दिसतच नाही. पायाचे बारा आठवडे एकदा ठरवा आणि खरा बदल सिद्ध होईपर्यंत त्यांना हात लावू नका. आठ-दहा आठवड्यांहून कमी नोंदी असतील तर कुंपणच घालू नका.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उंबरठा ओलांडला गेला म्हणजे काहीतरी बदललं, एवढंच कळतं. काय बदललं ते आकडा सांगत नाही. आपल्याकडे मृगाच्या पेरण्या, मग निंदण, आणि दसरा-दिवाळीपासून कापसाची वेचणी. वेचणीत हजेरी उतरते ती घट खरीच असते, पण तिचा अर्थ "बायांना रस उरला नाही" असा नाही. मागच्या वर्षीची वही काढून त्याच हंगामाच्या आठवड्यांशी ताडून पाहा. मागच्या वेचणीतही सरासरी २९ च असेल, तर हा हंगाम आहे. तेव्हा ३४ असेल, तर दुसरं काही घडलं आहे.

आणि मग नावं वाचा. ३५ वरून २९, म्हणजे सहा बाया. दर आठवड्याला वेगवेगळ्या सहा जणी गैरहजर आहेत, की त्याच सहा? त्याच असतील तर त्या कोणत्या वस्तीतल्या, शेत असलेल्या की मजुरीवर जाणाऱ्या? दुपारी तीनची बैठक ठरवली तेव्हा मजुरी करणाऱ्या बायांना कुणी विचारलं होतं का? एकूण आकडा स्थिर राहूनही असं घडू शकतं: गावातल्या सहा नव्या जणी येतात, वस्तीवरच्या सहा गळतात आणि बेरीज ३५ ची ३५ च राहते. म्हणून वस्तीवार नोंद वेगळी हवी. पण लक्षात ठेवा, वस्तीवरच्या सातच बाया असतील तर पाचाच्या तीन होणं हा एका आठवड्याचा खेळ असू शकतो. तिथेही चार-चार आठवडे एकत्र करूनच पाहायचं.

मघाच्या ताईला माझं सांगणं इतकंच. वहीत तीन रकाने आखा: या आठवड्याची हजेरी, चार आठवड्यांची सरासरी आणि शेरा. पहिल्या पानावर सरासरी, दोन कुंपणं आणि उंबरठा लिहून ठेवा. २९ आकडा एकदा आला म्हणून वार बदलू नका, कुणाला बोलू नका. पण सरासरी दोन आठवडे उंबरठ्याखाली राहिली, तर वर कळवण्याआधी त्या सहा जणींच्या घरी जा.