रक्तपेशींचे तुकडे काय सांगतात?



रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पातळ पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, म्हणजे तांबड्या पेशी वाटोळ्या आणि मध्ये फिकट अशा दिसतात. प्रत्येकीचा व्यास साधारण ७ ते ८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट. ही पेशी मोठी लवचीक असते. आपल्याहून अरुंद केशवाहिनीतून ती अंग दुमडून निघून जाते आणि असे सुमारे १२० दिवस जगते. परंतु कधीकधी काचपट्टीवर या वाटोळ्या पेशींबरोबर शिरस्त्राणासारखे, त्रिकोणी किंवा दोन शिंगांचे तुकडे दिसतात. वैद्यकात त्यांना शिस्टोसाइट म्हणतात. पेशीत काही दोष नसताना कोणीतरी ती फाडली आहे, असा हा पुरावा होय. फाडणारा कोण, ते शोधून काढावयाचे.

समजण्यासाठी दोन रुग्ण कल्पनेने उभे करू. पहिल्या रुग्ण पंचेचाळीस वर्षांच्या एक बाई. लहानपणी संधिज्वर झाला, त्यात हृदयाची द्विदल झडप खराब झाली, आणि ती काढून कृत्रिम झडप बसविली. अशी झडप १९६० साली अमेरिकेत यशस्वीपणे बसविण्यात आली, आणि १९९० साली तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने भारतीय बनावटीची झडप रुग्णास बसविली. आता या बाईंना दम लागतो, डोळे पिवळसर दिसतात, लघवी कधी काळपट होते. हिमोग्लोबिन १२ वरून ७.५ वर आले आहे.

झडप नीट बसली असेल तर पेशींची थोडीच नासधूस होते व शरीर ती भरून काढते. परंतु झडपेच्या कडेचा टाका सैल होऊन तेथे फट पडली, की बांधाच्या भगदाडातून पाणी सुटावे तसे रक्त जोराने मागे उसळते. फटीच्या कडेला थांबलेला थर आणि शेजारून धावणारा प्रवाह यांच्या ओढाताणीत पेशी ताणली जाते व फाटते. फाटलेल्या कडा पुन्हा जुळतात, आणि तो तुकडा थोडे दिवस रक्तात फिरतो. तोच आपल्याला दिसतो. बाहेर सांडलेले हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन पकडते. ते संपले, की उरलेले मूत्रपिंडातून लघवीत जाते. त्याबरोबर लोहही जाते. म्हणून महिनोन्‌महिने हे चालले, तर बाईंना लोहाचीही उणीव पडते. लोह आणि फॉलिक आम्ल दिल्याने तग धरता येतो. पण खरा उपाय ती फट बुजविणे हाच.

दुसरा रुग्ण शेतकरी. कापसाच्या शेतात त्याला घोणस चावली, आपल्याकडे जिला परड म्हणतात ती. तिच्या विषाने रक्त गोठविणारी द्रव्ये नको तेथे जागी होतात व खर्ची पडतात. म्हणून स्वच्छ, कोरड्या काचनळीत २० मिनिटे न हलविता ठेवलेले रक्त गोठत नाही. प्रतिविष दिले, रक्त पुन्हा गोठू लागले, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, रक्तस्राव नसताना हिमोग्लोबिन उतरले, आणि काचपट्टीवर तेच शिरस्त्राणाकृती तुकडे दिसले!

येथे झडप कोठून आली? येथे मूत्रपिंडातील बारीक वाहिन्यांत गुठळ्या धरल्या आहेत. फायब्रिनचे धागे वाटेत आडवे पडतात, मागून रक्ताचा रेटा असतो, आणि काटेरी कुंपणाला अडकलेले धोतर ओढताना फाटावे तशी पेशी फाटते.

तुकडे दोघांचे सारखेच; मग भेद कसा ओळखावा? रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट मोजाव्यात. त्यांची संख्या एका घन मिलिमीटरमध्ये दीड ते चार लाख असते. झडपेच्या रुग्णात ती बहुधा ठीक राहते. बारीक वाहिन्यांत गुठळ्या होत असतील, तर त्या गुठळ्यांत प्लेटलेट खपतात व संख्या उतरते. त्यातही शंभर पेशींत एकाहून अधिक तुकडे दिसले, तर हा संशय बळावतो. मात्र घोणसेच्या विषाने प्लेटलेट आरंभीही घटतात. म्हणून एका दिवसाचा आकडा पुरेसा नाही. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनीन आणि लघवीचे माप रोज पाहावे लागते. मूत्रपिंड थकले, तर ते सावरेपर्यंत डायलिसिस करावे लागते.

म्हणून माझे सांगणे एवढेच. साप चावलेल्याचे रक्त गोठू लागले, एवढ्यावरून त्याला घरी नेण्याची घाई करू नका. लघवी किती होते ते पाहा. आणि ज्याच्या छातीत कृत्रिम झडप आहे, त्याची लघवी काळपट झाली, तर ती उन्हाळी म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांस सांगा, आणि झडप बसविली आहे हे आधी सांगा.