माता-मेळाव्यासाठी भाषण : एका मिनिटाची तपासणी

(शाळेच्या माता-मेळाव्यात अथवा गावच्या महिला मंडळात शिक्षिकेने वाचून दाखवावे. जेथे माडिया किंवा गोंडी बोलली जाते तेथे अंगणवाडी सेविकेस शेजारी बसवून प्रत्येक परिच्छेदानंतर तिच्या तोंडून तोच मजकूर सांगवावा. सभेत पुरुष नसावेत.)

भगिनींनो,

मुलांच्या हजेरीविषयी बोलण्यासाठी आपण येथे नेहमी जमतो. आज मात्र मी आपल्या स्वतःच्या शरीराविषयी बोलणार आहे. हा विषय चारचौघींत काढण्याची आपल्याकडे रीत नाही, हे मला ठाऊक आहे. मीही पन्नाशी ओलांडलेली बाई आहे आणि माझ्या आईने या विषयाचा एक शब्दही माझ्याशी कधी उच्चारला नव्हता.

प्रथम आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगते. गडचिरोली जिल्ह्यात वसा आणि अमिर्झा अशी दोन गावे आहेत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी त्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचा वृत्तांत १९८९ साली प्रसिद्ध झाला. दर शंभर स्त्रियांमागे ९२ जणींना गर्भाशयाचा वा त्याच्या आसपासचा काही ना काही आजार निघाला. परंतु त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत आठच होत्या. हे आजार बहुतेक साधे होते, कर्करोग नव्हते. तथापि एक गोष्ट त्यावरून उघड झाली. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, हे सारे बाईच्या जन्माबरोबर आलेलेच आहे असे समजून आपण ते सोसतो; आणि ज्या दिवशी सोसू नये असे काही सुरू होते, त्या दिवशीही आपण सोसतच राहतो.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग नेमका याच सवयीचा फायदा घेतो. तो एका विषाणूमुळे होतो. पतिपत्नीच्या संबंधातून हा विषाणू येतो आणि तो इतका सर्वसाधारण आहे की बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा स्पर्श होतोच. म्हणून त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्या स्त्रियांत मात्र तो ठाण मांडतो, आणि त्यांच्यापैकी काहींत पिशवीच्या तोंडावरची त्वचा हळूहळू बिघडू लागते. या बिघाडाचा कर्करोग होण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. या काळात दुखत नाही, खुपत नाही, रक्त जात नाही. म्हणजे निसर्गाने आपल्याला दहा वर्षांची मुदत दिलेली असते. फक्त ती आपल्याला जाणवत नाही. तपासणी करावयाची ती याच मुदतीत.

आता ती तपासणी कशी होते ते सांगते, कारण भीती बहुधा न पाहिलेल्या गोष्टीची असते. तीस वर्षांपुढील स्त्रीने आरोग्य केंद्रात जावे. पाळी चालू असताना जाऊ नये. गरोदर असल्यास किंवा नुकतेच बाळंतपण झाले असल्यास परिचारिकेस आधी तसे सांगावे. लघवी करून पलंगावर पाय दुमडून निजावयाचे असते व अंगावर चादर असते. परिचारिका एक लहान साधन आत सरकवून वाट थोडी उघडते आणि उजेड पाडून पिशवीचे तोंड पाहते. मग कापसाच्या बोळ्याने तेथे पातळ केलेले ॲसिटिक ॲसिड लावते. आंबट शिरक्यात असते तेच हे द्रव्य, शंभर भागांत तीन ते पाच भाग. थोडी चुणचुण होते. नंतर पुरे एक मिनिट थांबावयाचे. निरोगी त्वचा गुलाबीच राहते आणि बिघडलेली त्वचा दाट पांढरी, काठ स्पष्ट दिसेल अशी होते. निकाल तेथल्या तेथे कळतो. सुई नाही, कापणे नाही.

पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. साध्या सुजेनेही त्वचा पांढरी होते. डाग दिसलेल्या बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग नसतो. डागाचा अर्थ एवढाच की मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीतून एकदा नीट पाहावयास हवे. उलट, डाग दिसला नाही म्हणजे जन्मभराची हमी मिळाली असेही नव्हे. शिवाय पाळी गेल्यानंतर बिघाड होण्याची जागा आत सरकते व डोळ्यांना नीट दिसत नाही. अशा स्त्रीने विषाणूची तपासणी कोठे होते हे डॉक्टरांस विचारावे.

एकदा तपासून स्वस्थ बसणे का चालत नाही, याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्राने जगाला दिले आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्यास आता धाराशिव म्हणतात, १९९९ पासून सुमारे एक लाख बत्तीस हजार खेडुत स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. बार्शीचे कर्करोग रुग्णालय त्यात होते. एका गटाची विषाणू-तपासणी एकदाच केली. त्या सुमारे ३४ हजार स्त्रियांत पुढील आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजार स्त्रियांत ६४ झाले. परंतु ज्या गटाची आत्ता सांगितलेली शिरक्याची तपासणी एकदाच झाली, त्यात मृत्यू म्हणण्यासारखे घटले नाहीत. तुलनेसाठी काही स्त्रियांना तपासणीविना ठेवले यावर पुढे टीकाही झाली, आणि ती विसरू नये. त्याच सुमारास मुंबईत टाटा रुग्णालयाने तीच शिरक्याची तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांकडून करविली. तेथे या रोगाचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाले. तपासणी तीच होती. फरक पडला तो पुन्हा पुन्हा पाहण्याने. सरकारी कार्यक्रमात ती दर पाच वर्षांनी ठरलेली आहे. तेवढी तरी चुकवू नये.

आता दोघी जावांची हकिगत सांगते. आमच्या एका शाळेत मुलांचा आहार शिजविणाऱ्या बाई होत्या. वय अठ्ठेचाळीस. पाळी जाऊन दोन वर्षे झाली होती, तरी त्यांच्या लुगड्यास पुन्हा डाग पडू लागले. पाळी परत आली असे त्या समजल्या. तेंदूपत्त्याचा हंगाम गेला, रोवणी गेली. घरगुती औषध चालूच होते. पाचव्या महिन्यात दुर्गंधी येऊ लागली तेव्हा त्यांनी मला सांगितले. आरोग्य केंद्रातील परिचारिकेने त्यांची शिरक्याची तपासणी केली नाही आणि तेच योग्य होते. ती तपासणी त्रास नसलेल्या स्त्रीसाठी आहे. पाळी गेल्यानंतर रक्त, संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त किंवा दुर्गंधीयुक्त पाणी, यांपैकी काही असेल तर शिबिराची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जावे, आणि पूर्वीच्या तपासणीत डाग नव्हता या भरवशावर राहू नये. बाईंचा तुकडा जिल्हा रुग्णालयात तपासला गेला. रोग पिशवीच्या बाजूच्या भागात पसरला होता, म्हणून शस्त्रक्रिया शक्य नव्हती. नागपुरास दोन महिने राहून किरणांचे उपचार घ्यावे लागले: पाच आठवडे बाहेरून, आठवड्यास एकदा औषधाची सलाईन आणि शेवटी आतून किरण. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले, परंतु सोबत राहणाऱ्या मुलाची मजुरी बुडाली. आज चौथे वर्ष आहे आणि बाई हिंडून फिरून आहेत.

त्यांची धाकटी जाऊ छत्तीस वर्षांची. तिला काहीच त्रास नव्हता. थोरलीचे पाहून ती तपासणीस गेली आणि पांढरा डाग निघाला. दुर्बिणीतून पाहून डॉक्टरांनी तेवढीच जागा उष्णतेच्या साधनाने एका मिनिटाच्या आत भाजून काढली. ती त्याच दिवशी बसने परत आली. महिनाभर पाण्यासारखा स्राव गेला आणि तेवढे दिवस संबंध टाळावयास सांगितले होते. वर्षाने पुन्हा पाहिले तेव्हा जागा स्वच्छ होती. एकाच घरात एकीला दोन महिने लागले आणि दुसरीला एक दिवस.

आता स्तनांविषयी. दर महिन्यास ठराविक पद्धतीने स्वतः चाचपावे असे पूर्वी शिकविले जाई. चीनमधील शांघाय शहरात दोन लाखांहून अधिक गिरणीकामगार स्त्रियांना असे शिकवून पाहिले. त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, निरुपद्रवी गाठींची तपासणी मात्र वाढली. यास्तव आज आपण एवढेच सांगतो: आपले स्तन एरवी कसे असतात ते ओळखून असावे. स्नानाच्या वेळी, पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत, तीन बोटांच्या सपाट भागाने गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत हात फिरवावा. न दुखणारी नवी गाठ, त्वचेस पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, नव्याने आत ओढलेले बोंड किंवा त्यातून रक्त, यांपैकी काही दिसले तर दाखवावयास जावे. गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी, हा समज सर्वांत घातक आहे. बहुतेक गाठी साध्याच असतात, पण ते ठरविण्याचे काम डॉक्टरांचे. सुई टोचल्याने गाठ पसरते हेही खरे नाही.

याखेरीज परिचारिकेच्या हातून स्तनांची तपासणी करवून घ्यावी. मुंबईच्या त्याच अभ्यासात दर दोन वर्षांनी ती केली गेली. पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात तसा लाभ दिसला नाही. म्हणून, भगिनींनो, सुनेबरोबर सासूनेही आले पाहिजे. माझे काय आता राहिले, असे तिने म्हणू नये.

सभा संपल्यावर मी दाराशी वही घेऊन बसेन. तपासणीस येऊ इच्छिणाऱ्या बहिणीने फक्त नाव आणि वय सांगावे. ज्यांना त्रास आहे त्यांनी तो येथे बोलू नये. मला नुसती खूण करावी, मी सोबत येईन. दिवस ठरविताना मोहफुलांचा व तेंदूपत्त्याचा हंगाम टाळू, आणि पाचजणी मिळून एकाच बसने जाऊ.