हॉकीपटू मुलांची शारीरिक पूर्वतयारी : दम, वेगधाव आणि मांडीमागचा स्नायू

(केंद्रसंमेलनात शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



हॉकीच्या खेळातील कौशल्यांविषयी मी आज बोलणार नाही. काठी कशी धरावी, चेंडू कसा अडवावा, हे आपणांपैकी अनेकजण माझ्याहून चांगले शिकवितात. मला बोलावयाचे आहे ते मुलांच्या पायांविषयी. आणि त्यास कारण माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे.

मी शिक्षक असताना आमच्या शाळेच्या मुलींचा संघ तालुक्याच्या सामन्यांसाठी तयार करीत होतो. मुलींचा दम वाढावा म्हणून मी दीड महिना रोज सकाळी त्यांना मैदानाभोवती संथ फेऱ्या मारावयास लावल्या. दम वाढलाही. सामन्याच्या दोन दिवस आधी मात्र माझ्या मनात आले की, मुली लांब धावतात, पण झटक्याने धावत नाहीत. म्हणून त्या दिवशी मी एकदम १५ वेगधावा घेतल्या. दुसऱ्या दिवशी सर्वांच्या मांड्या भरून आल्या. सामन्याच्या अखेरच्या भागात उजव्या बगलेवर खेळणारी आमची मुलगी चेंडूमागे वाकून धावली आणि मांडीचा मागचा भाग हाताने धरून खाली बसली. तेरा वर्षांची ती मुलगी त्या हंगामात पुन्हा खेळू शकली नाही. दोष तिचा नव्हता. माझ्या आखणीचा होता. तो नेमका कोठे होता, हे मी पुढे अभ्यासाने समजून घेतले. तेच आज आपणांपुढे मांडतो.

हॉकीचे मैदान सुमारे ९१ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते. त्यावर खेळाडू बराच वेळ चालतो किंवा संथ धावतो. मधूनच १० ते ३० मीटर सर्व शक्तीनिशी धावतो. आणि पुरता विसावा मिळण्यापूर्वी त्यास पुन्हा तसेच धावावे लागते. अशा दोन-तीन सेकंदांच्या धावेस लागणारी शक्ती स्नायूंत साठविलेल्या क्रिएटिन फॉस्फेट नामक द्रव्यातून प्रामुख्याने मिळते. हा साठा लहान असतो आणि लगेच ओसरतो. तो अर्ध्या मिनिटात सुमारे निम्मा भरून येतो; पुरता भरण्यास काही मिनिटे लागतात. भरण्याचे हे काम प्राणवायूच्या साहाय्याने होते. म्हणजेच ज्या मुलाचे हृदय व फुप्फुसे कसलेली आहेत, त्याचा साठा दोन धावांच्या मधल्या वेळात लवकर भरतो. संथ धावण्याचा उपयोग आहे तो येथे. परंतु दम हा पाया आहे, घर नव्हे. मी पाया बांधला आणि सामन्याच्या दोन दिवस आधी एका सकाळी त्यावर घर उभे करू पाहिले.

आता मांडीमागच्या स्नायूंकडे वळू. यांस हॅमस्ट्रिंग म्हणतात. ज्या हाडांवर आपण बसतो तेथून निघून ते गुडघ्याच्या खाली जोडलेले असतात. वेगाने धावताना पाय पुढे झेपावतो. तो जमिनीवर टेकण्याच्या किंचित आधी हे स्नायू ताणले जात असतानाच नडगीला लगाम घालतात. उतारावर बैलगाडी आवरताना बैलास जसा जोर लावून मागे रेटावे लागते, तसेच हे काम. वेग वाढला की हा भार फार झपाट्याने वाढतो. संथ धावेत तो जवळजवळ पडतच नाही, म्हणून महिनोन्महिने फेऱ्या मारणाऱ्या मुलाचा हा स्नायू वेगास अपरिचितच राहतो. त्यात हॉकीचा खेळाडू कमरेत वाकून धावतो. वाकल्याने हा स्नायू आधीच ताणलेला असतो. आणि सामन्याच्या शेवटी तो थकलेलाही असतो. आमच्या मुलीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

यावरून उपाय स्पष्ट होतो. दम, वेगधाव आणि स्नायूचे बळ या तिन्ही गोष्टी पहिल्या आठवड्यापासून थोड्या थोड्या प्रमाणात एकत्र चालाव्यात. मी पुढील वर्षी सामन्यांपूर्वी आठ आठवडे धरून जी आखणी केली, ती सांगतो. ती बारा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी असून आठवड्यातील तीन दिवसांची आहे.

पहिला दिवस दमाचा. आरंभी १२ मिनिटे संथ धाव. दर आठवड्यास ती दोन-तीन मिनिटांनी वाढवावी. गती योग्य आहे किंवा नाही, हे घड्याळाने नव्हे तर बोलण्याने ओळखावे. धावता धावता मुलाला एक पूर्ण वाक्य सलग बोलता आले पाहिजे. बोलताना शब्द तुटू लागले, तर गती अधिक आहे. पाचव्या आठवड्यापासून या धावेऐवजी लहान मैदानावर चार विरुद्ध चार असा खेळ घ्यावा : तीन मिनिटे खेळ, दोन मिनिटे चालणे, अशा चार फेऱ्या. मुलांस कंटाळा येत नाही आणि दमही वाढतो.

दुसरा दिवस वेगधावेचा. हा दिवस आदल्या दिवसाच्या थकव्यावर येऊ नये. मध्ये एक दिवस जावा. १० मिनिटे अंग तापविल्यानंतर, मुले ताजीतवानी असतानाच वेगधावा घ्याव्यात. पहिले दोन आठवडे पूर्ण वेग नको. तीनचतुर्थांश वेगाने २० मीटरच्या चार ते सहा धावा पुरेत. तिसऱ्या व चौथ्या आठवड्यांत पूर्ण वेग, पण प्रत्येक धावेनंतर दोन मिनिटांचा विसावा. पाचव्या आठवड्यापासून खरी पुनरावृत्त वेगधाव : फक्कीने ३० मीटरवर दोन रेघा आखाव्यात, दर ३० सेकंदांनी शिट्टी वाजवावी आणि अशा सहा धावा घ्याव्यात. नंतर चार मिनिटे चालणे आणि आणखी एक फेरी. याहून अधिक नको.

तिसरा दिवस हॉकीच्या खेळाचा. त्यात काठी घेऊन वाकून धावण्याच्या चार-पाच छोट्या धावा असाव्यात. सामन्याच्या आठवड्यात सर्वच श्रम निम्मे करावेत. परंतु वेगधाव अजिबात बंद करू नये.

पुनरावृत्त वेगधावेचे मोजमाप आपण साध्या थांबघड्याळाने करू शकता. एका मुलाच्या पाचव्या आठवड्यातील सहा धावांचे सेकंद असे होते : ४.९, ५.०, ५.१, ५.३, ५.४, ५.५. यांची बेरीज ३१.२. सहाही धावा त्याच्या उत्तम धावेसारख्या झाल्या असत्या, तर बेरीज ४.९ गुणिले ६, म्हणजे २९.४ आली असती. फरक १.८ सेकंदांचा, म्हणजे सुमारे शेकडा ६ घट. आठव्या आठवड्यात त्याच मुलाचे आकडे ४.८, ४.८, ४.९, ५.०, ५.०, ५.१ असे आले. बेरीज २९.६, उत्तम बेरीज २८.८, आणि घट शेकडा ३ हून थोडी कमी. मुलगा थोडा वेगवानही झाला आणि तो वेग टिकवूही लागला. येथे एक सावधगिरी हवी. हुशार मुले पुढच्या धावांसाठी शक्ती राखून पहिली धाव मुद्दाम हळू धावतात, आणि मग घट खोटीच कमी दिसते. यास्तव निराळ्या दिवशी एकच ताजी धाव मोजून ठेवावी. पहिली धाव तिच्या जवळपास नसेल, तर ते मोजमाप धरू नये. हाताने मोजलेल्या वेळेत दशांश-दोन दशांश सेकंदांची चूक राहतेच. म्हणून एका धावेवरून निष्कर्ष न काढता बेरीज पाहावी.

आता स्नायूच्या बळाचा व्यायाम. यास नॉर्डिक व्यायाम म्हणतात. सतरंजीची घडी करून तीवर मुलाने गुडघे टेकून उभे राहावे. सोबत्याने त्याचे घोटे जमिनीशी घट्ट धरावेत. मुलाने गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून, जमेल तितके सावकाश पुढे झुकत जावे. तोल आवरेनासा झाला की तळहातांवर अलगद टेकावे आणि हातांनी रेटून परत यावे. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, तीन-तीनच्या दोन आवृत्त्या. पुढे आठवड्यातून दोन दिवस, पाच-पाचच्या दोन. आणि शेवटी सहा-सहाच्या तीन. नेहमी आढळणारी चूक म्हणजे कमरेत वाकणे. पार्श्वभाग मागे राहिला की समजावे, काम कंबर करीत आहे, मांडी नव्हे. ज्यास हे जमत नाही, त्याने उताणे निजून टाचा बाकावर ठेवाव्यात, कंबर वर उचलावी आणि सावकाश खाली आणावी. नियमित केल्यास या नॉर्डिक व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे निम्म्याने कमी होतात, असे निरनिराळ्या खेळांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. मात्र तो सरावाच्या शेवटी करावा आणि सामन्याच्या आदल्या दिवशी टाळावा, कारण आरंभी मांड्या दुखतात. दोन्ही मांड्यांत सारखे, बोथट दुखणे दोन-तीन दिवसांत जाते. त्याची चिंता नको. एकाच बाजूस, एकाच जागी सुईसारखी कळ आली, तर मात्र थांबावे.

इतके करूनही स्नायू दुखावला, तर काय करावे? खेळ तत्काळ थांबवावा. थंड पाण्याची घडी ठेवून पट्टी बांधावी. आपल्याकडे लगेच गरम तेलाने चोळण्याची किंवा पाय ओढून 'मोकळा' करण्याची रीत आहे. पहिले दोन-तीन दिवस ती कटाक्षाने टाळावी, कारण आतला रक्तस्राव वाढतो. वाढत्या वयाच्या मुलांत आणखी एक धोका असतो. बसताना टेकणाऱ्या हाडाजवळ 'कट्' असा आवाज झाल्याचे मूल सांगत असेल, त्यास चालता येत नसेल, किंवा तेथे मोठे काळेनिळे पडले असेल, तर तो केवळ स्नायूचा ताण समजू नये. या वयात स्नायूपेक्षा हाडाची वाढीची जागा कमकुवत असते आणि स्नायूबरोबर हाडाचा तुकडाही सुटू शकतो. अशा मुलास त्याच दिवशी क्ष-किरण तपासणीसाठी नेले पाहिजे.

परत खेळावयास केव्हा उतरवावे, हे दिवस मोजून ठरवू नये. वेदनेविना चालणे, मग संथ धावणे, मग निम्मा वेग, मग तीनचतुर्थांश, मग पूर्ण वेग, आणि शेवटी काठी घेऊन वाकून पूर्ण वेग, अशा पायऱ्या आहेत. एका पायरीवर दुखले, तर एक पायरी मागे यावे. एका टाचेवर कंबर उचलताना दोन्ही पायांत सारखेच बळ वाटले पाहिजे. ज्याचा स्नायू एकदा दुखावला, त्याचा तो पुन्हा दुखावण्याची शक्यता इतरांहून बरीच अधिक असते. म्हणून त्याचा नॉर्डिक व्यायाम हंगाम संपेपर्यंत चालू ठेवावा.

त्या मुलीने सामन्यानंतर मला विचारले होते, "गुरुजी, माझे काय चुकले?" तेव्हा मजजवळ उत्तर नव्हते. आपल्या शाळेतील आठ आठवड्यांची आखणी आजच वहीत उतरवून घ्या, म्हणजे हा प्रश्न आपणांस कोणी विचारणार नाही.