न्याहारीचे अंडे आणि दुपारची भूक



सकाळी अंडी खाल्ली की दुपारपर्यंत भूक लागत नाही, असे आपण नेहमी ऐकतो. हे कितपत खरे आहे, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहो.

प्रथम हिशेब पाहू. टरफल काढलेले मध्यम अंडे सुमारे 50 ग्रॅम भरते. त्यात सहा ग्रॅमांहून थोडी अधिक प्रथिने आणि पाचेक ग्रॅम स्निग्धांश असतो. प्रथिनांच्या एका ग्रॅमपासून चार कॅलरी मिळतात, स्निग्धाच्या ग्रॅमपासून नऊ. म्हणजे पंचवीस आणि पंचेचाळीस मिळून सत्तर झाल्या. आणखी एकदोन इकडेतिकडे. पांढऱ्यात त्यांतल्या सतराच्या आसपास असतात, बाकीच्या बलकात. हा हिशेब उकडलेल्या अंड्याचा झाला. मोठा चमचाभर तेलात त्याचेच आम्लेट केले, तर अंड्यापेक्षा तेलाच्याच कॅलरी अधिक होतात!

आता सत्तर कॅलरींचा हा जिन्नस भूक कशी आवरतो? पोटात प्रथिने पोचली की आतड्यातून काही संप्रेरके रक्तात सुटतात. ती जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात आणि मेंदूला तृप्तीची सूचना देतात. शिवाय प्रथिने पचविण्यात त्यांच्याच कॅलरींपैकी वीस ते तीस टक्के खर्ची पडतात. पिष्टाच्या पचनाला याहून पुष्कळच कमी लागतात.

पण तत्त्व पटले म्हणजे अनुभव आलाच असे नाही. म्हणून एका प्रयोगाकडे वळू. त्यात आपल्या मुंबईहून अमेरिकेत गेलेले डॉ. निखिल धुरंधर सहभागी होते. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वजन जास्त असलेल्या तीस स्त्रियांना एके दिवशी अंड्यांची न्याहारी दिली व दुसऱ्या वेळी बेगल नावाच्या मैद्याच्या पावाची. दोन्हींच्या कॅलरी सारख्याच ठेवल्या होत्या. अंड्यांच्या दिवशी त्या दुपारी कमी जेवल्या.

त्यानंतरचा प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला, आणि तो अधिक बोलका आहे. आठ आठवडे, आठवड्यातून निदान पाच दिवस, काहींनी दोन अंड्यांची न्याहारी घेतली, काहींनी तितक्याच कॅलरींची बेगलची. ज्यांनी दिवसाचा एकूण आहारही बेताने घटविला होता, त्यांच्यात अंडी खाणाऱ्यांचे वजन सरासरी 2.6 किलो उतरले, इतरांचे 1.6 किलो. मात्र ज्यांनी आहार घटविलाच नाही, त्यांना अंड्यांनी काही वेगळा लाभ दिला नाही. अंडी भूक हलकी करतात. पानातला घास कमी करण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. या संशोधनास अंडी-उत्पादकांशी संबंधित संस्थेचे द्रव्यसाहाय्य होते, हेही श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

शिवाय तृप्ती प्रथिनांचीच मक्तेदारी नाही. 1995 साली सिडनीत सारख्या कॅलरींचे निरनिराळे पदार्थ लोकांना खाऊ घालून तृप्ती मोजली. पांढऱ्या पावाला शंभर गुण धरले, तर अंड्यांना दीडशे आले. पण उकडलेल्या बटाट्याला तीनशेंवर गेले! बटाट्यात पाणी फार, म्हणून तेवढ्याच कॅलरींसाठी त्याचा ढीग खावा लागतो, आणि पोट भरते.

आता नागपुरात येऊ. साठ ग्रॅम कोरडे पोहे आणि दोन लहान चमचे तेल धरले, तर बशी तीनशे कॅलरींची होते. प्रथिने मात्र चारेक ग्रॅम. पोहे आणि तेल निम्मे करून शेजारी दोन उकडलेली अंडी ठेवा. कॅलरी जवळजवळ तितक्याच राहतात, पण प्रथिने चौदा-पंधरा ग्रॅमांवर जातात. याउलट, भरल्या बशीवर दोन अंडी वाढविली, तर सुमारे दीडशे कॅलरींची भरच पडली. अंडे कशाच्या जागी आले, यावर सारे अवलंबून आहे.

अंडे न खाणाऱ्यांनी निराश होऊ नये. आपल्या तर्रीतला हरभरा हेच काम करतो. कोरड्या पंचवीस ग्रॅम हरभऱ्यातून पाचेक ग्रॅम प्रथिने मिळतात. वर तरंगणारा तवंग तेवढा बाजूला सारावा.

याचा पडताळा घरीच घेता येईल. एक आठवडा नुसते पोहे, दुसरा आठवडा निम्मे पोहे व दोन अंडी. चहा-साखर दोन्हीकडे सारखी. भूक किती वाजता लागली आणि दुपारी पोळ्या किती खाल्ल्या, हे रोज लिहून ठेवावे. पोळ्या कमी झाल्या नाहीत, तर आपल्यापुरता अंड्याचा हा गुण सिद्ध झाला नाही, असे खुशाल समजावे.